एसटीटी वाढला, मग आता डॉलरकडे वळू का?

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे आणि घराशेजारी चार खोल्यांचा होमस्टे आहे. हंगामातले सहा लाख ब्रोकरकडे ठेवून दोन वर्षं मी निफ्टी फ्युचर्स करतो. दिवसाला साधारण दोन सौदे, एकेक लॉट, संध्याकाळी सगळं बंद. गेल्या वर्षी चारशे सौदे झाले आणि ॲपवर १ लाख १० हजार नफा दिसतो. १ एप्रिलपासून एसटीटी अडीचपट झाला, म्हणजे आता काही उरणार नाही. मित्र सांगतो की परदेशी ॲपवर डॉलर-युरो कर, तिथे हा कर नाही. भाचा म्हणतो ऑप्शन घ्या, त्यात एसटीटी किरकोळ. बायको म्हणते बंद करा. सट्टा थांबवायचा म्हणून सरकार कर लावतं, पण मरतो आमच्यासारखा लहान माणूस. काय करावं?

उत्तर :

नमस्कार. तुमचं पत्र वाचून मी आधी एक गोष्ट मागवली, ती म्हणजे ब्रोकरकडचा वर्षाचा ‘टॅक्स पी अँड एल’. तुम्ही तो पाठवलात, बरं झालं. ॲपच्या ‘पोझिशन्स’ पानावर हिरव्या अक्षरांत दिसतो तो फक्त खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक. खर्च तिथे नसतो. तो रात्री ईमेलवर येणाऱ्या काँट्रॅक्ट नोटच्या तळाशी, बारीक अक्षरांत असतो: ब्रोकरेज, एक्सचेंजचं शुल्क, सेबीचं शुल्क, मुद्रांक, जीएसटी आणि सर्वांत मोठा आकडा सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्सचा, म्हणजेच एसटीटीचा. आंब्याची पट्टी वाशीहून आली की तुम्ही आधी भाडं, हमाली आणि दलाली वजा करून खालचा आकडा बघता. इथे मात्र दोन वर्षं वरचाच आकडा बघत आलात.

हिशेब सोपा राहावा म्हणून निफ्टी २५,००० धरू आणि लॉट आजचा, ६५ चा. (डिसेंबरपर्यंत लॉट ७५ चा होता, म्हणजे गेल्या वर्षाचा तुमचा खरा खर्च मी मांडतोय त्याहून थोडा जास्तच असेल.) एका लॉटची किंमत झाली सव्वासोळा लाख. फ्युचर्सवर एसटीटी फक्त विकताना लागतो, पण तो तुमच्या मार्जिनवर, म्हणजे सौद्यासाठी ठेवलेल्या अनामतीवर लागत नाही, या पूर्ण सव्वासोळा लाखांवर लागतो. गेल्या वर्षी दर ०.०२ टक्के होता, म्हणजे एका सौद्याला ३२५ रुपये. यंदाच्या अर्थसंकल्पाने तो ०.०५ टक्के केला, म्हणजे ८१२ रुपये ५० पैसे. बाकीचे सगळे खर्च मिळून सवलतीच्या ब्रोकरकडे साधारण दीडशे रुपये होतात. तेव्हा आत-बाहेरच्या एका सौद्याचा खर्च गेल्या वर्षी ४७५ रुपये होता, यंदा तो ९६० च्या घरात गेला.

आता तुमचा नफा बघू. १ लाख १० हजार भागिले चारशे, म्हणजे सौद्यामागे २७५ रुपये. निफ्टीच्या भाषेत सव्वाचार अंक. गेल्या वर्षी नुसता खर्च भागायला सव्वासात अंक लागत होते. म्हणजे एसटीटी वाढण्याआधीच चारशे सौद्यांत तुम्ही १ लाख ९० हजार खर्च करून १ लाख १० हजार मिळवलेत. ऐंशी हजारांचा तोटा. यंदा त्याच हाताने तेवढेच सौदे केलेत तर खर्च ३ लाख ८४ हजारांवर जाईल आणि तोटा पावणेतीन लाखांवर. खर्च भागायलाच दर सौद्याला जवळजवळ पंधरा अंक हवेत, आणि तुमची कमाई सव्वाचार अंकांची आहे.

तुमचा राग नव्या दरावर आहे, तो मी समजू शकतो. पण दर जुना राहिला असता तरी माझं उत्तर हेच असतं. वहिनींचं म्हणणं खरं आहे: हे बंद करा. बाकीची दोन दारं मात्र नीट उघडून दाखवायला हवीत, कारण दोन्ही ‘कर कमी’ अशी पाटी लावून उभी आहेत. आणि कराबद्दलची तुमची तक्रार पूर्ण खोटी आहे असंही मला वाटत नाही.

हा कर सुचला कसा, ते आधी थोडक्यात सांगतो. शेअरबाजारातल्या सौद्यांवर भरीव कर लावला तर सट्टेबाजी आवरेल, असं केन्सने १९३६ मध्येच लिहून ठेवलं होतं. चलनांसाठी तोच विचार जेम्स टोबिन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्ये प्रिन्स्टनच्या व्याख्यानांत मांडला. डॉलरची सोन्याशी असलेली गाठ १९७१ मध्ये सुटली होती आणि चलनांचे भाव मोकळे होऊ लागले होते. एका देशातून दुसऱ्या देशात धावणाऱ्या पैशाच्या चाकांत थोडी वाळू टाकावी, असं त्याचं म्हणणं. त्यातली युक्ती अशी की कर सौद्याच्या आकाराला मारत नाही, सौद्यांच्या वारंवारतेला मारतो. समजा जाऊन-येऊन मिळून एक टक्का कर आहे. दहा वर्षांसाठी परदेशात कारखाना काढणाऱ्याला तो वर्षाला एक दशांश टक्का पडतो, जाणवतही नाही. दर आठवड्याला पैसा नेऊन परत आणणाऱ्याला तोच कर वर्षाला बावन्न टक्के पडतो. सट्टेबाज कोण हे सरकारला ओळखावं लागत नाही, तो स्वतःच्या पायांनी जाळ्यात येतो.

ही युक्ती तुमच्यावर कशी चालते ते बघा. चारशे सौद्यांचा नुसता एसटीटी यंदाच्या दराने सव्वातीन लाख होईल, म्हणजे तुमच्या सहा लाखांच्या निम्म्याहून जास्त. आता समजा तुमच्या शेजाऱ्याने त्याच सहा लाखांचे शेअर डिलिव्हरीने घेतले आणि दहा वर्षांनी बारा लाखांना विकले. त्याला घेताना ०.१ टक्के, विकतानाही ०.१ टक्के. घेताना सहाशे, विकताना बाराशे. दहा वर्षांत एकूण अठराशे रुपये. दर बघाल तर त्याचा जास्त आहे, दोन्ही बाजूंनी ०.१, आणि तुमचा एकाच बाजूने ०.०५. तरी तुम्ही दोन-तीन सौद्यांत भरता तेवढा एसटीटी तो दहा वर्षांत भरतो.

इथवर ऐकलं तर टोबिन जिंकला असं वाटेल. टीकाकारांचं म्हणणं इथून सुरू होतं, आणि त्यांच्या हातात स्वीडनचा दाखला आहे.

स्वीडनने जानेवारी १९८४ मध्ये शेअरच्या सौद्यांवर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा टक्का कर लावला आणि १९८६ मध्ये तो दुप्पट केला. कर भरायचा तो स्वीडनमध्ये नोंदलेल्या दलालामार्फत सौदा केला तर. मग काय, मोठ्या गिऱ्हाइकांनी दलाल बदलला. तेच स्वीडिश शेअर लंडनमध्ये घेतले-विकले जाऊ लागले आणि १९९० पर्यंत स्वीडिश शेअरच्या निम्म्याहून अधिक उलाढाल लंडनला गेलेली होती. १९८९ मध्ये सरकारी रोख्यांवरही कर आला. दर शेअरच्या करापेक्षा खूपच कमी. तरी पहिल्याच आठवड्यात रोख्यांची उलाढाल ८५ टक्क्यांनी आणि रोख्यांच्या फ्युचर्सची ९८ टक्क्यांनी घसरली. रोखेबाजारात फायदाच इतका पातळ असतो की एवढीशी वाळूही चाक थांबवते. या रोखेकरातून वर्षाला दीड अब्ज क्रोनर येतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात सरासरी पाच कोटींच्या आसपास आले. १९९१ संपेपर्यंत सगळा कर गुंडाळला होता. ज्यासाठी एवढं केलं ती भावांची उसळीही कमी झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं नाही.

उसळी का कमी होत नाही, हे समजायला लंडनला जायला नको, देवगड बंदरावरचा माशांचा लिलाव पुरे. बोटीवरची टोपली उतरते तेव्हा बोली लावणाऱ्यांत मोठे व्यापारी असतात, तसे पाच-पन्नास रुपयांच्या फरकासाठी उभे असलेले लहानही असतात. उद्या प्रत्येक बोलीला वीस रुपये लावले तर आधी हे लहान निघून जातील. उरलेल्या दोघा-तिघांत मागणारा आणि देणारा यांच्या भावातलं अंतर वाढेल आणि एका टोपलीने भाव जास्त हलेल. बाजारात खरेदी-विक्रीच्या भावांतलं हे अंतर म्हणजे स्प्रेड, आणि तो रुंदावला की सट्टा न करणाऱ्यालाही भुर्दंड पडतो. सट्टेबाजांत भाव भडकवणारे असतात तसे भाव जागेवर आणणारेही असतात. कराला हे दोघे वेगळे दिसत नाहीत.

अर्थात स्वीडन म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ब्रिटनमध्ये शेअर खरेदीवर अर्धा टक्का मुद्रांक शुल्क आजही आहे आणि लंडनचा बाजार काही उठून गेला नाही. फरक मांडणीत आहे. ब्रिटनचं शुल्क ब्रिटिश कंपनीच्या शेअरला चिकटलेलं आहे, सौदा न्यूयॉर्कला करा नाही तर टोकियोला. स्वीडनचा कर दलालाला चिकटलेला होता, दलाल बदलला की सुटला. मात्र ब्रिटनमध्येही पळवाट निघालीच: शेअर न घेता नुसत्या भावफरकावर करार करायचा, म्हणजे हे शुल्क लागत नाही.

आपल्याकडे हा कर २००४ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी आणला आणि १ ऑक्टोबर २००४ पासून लागू झाला. तुमच्या तक्रारीतला रास्त भाग इथे आहे. तेव्हा तो सट्टा आवरण्यापेक्षा अदलाबदल म्हणून आला होता: शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्याचा कर काढून टाकतो, त्याऐवजी हा छोटा कर द्या. मग २०१८ मध्ये दीर्घकालीन नफ्यावर १० टक्के कर परत आला, २०२४ मध्ये तो साडेबारा टक्के झाला, आणि बदल्यात आलेला एसटीटी मात्र जिथे होता तिथेच राहिला. दलाल मंडळी याला दुहेरी कर म्हणतात आणि मला त्यात खोट दिसत नाही. दुसरं असं की ज्या करातून तिजोरी भरते तो सट्टा मारण्यासाठी आहे असं म्हणताना जीभ थोडी अडखळते. कर खरोखर यशस्वी झाला तर उत्पन्न शून्य व्हायला हवं!

टीकाकारांचा सर्वांत धारदार मुद्दा मात्र तुमच्या भाच्याने नकळत सांगितला आहे. ऑप्शनवर एसटीटी लागतो तो प्रीमियमवर, म्हणजे ऑप्शनसाठी मोजलेल्या रकमेवर, पूर्ण किमतीवर नाही. समजा तुम्ही १५० रुपये प्रीमियमचा एक लॉट घेऊन विकला. ६५ गुणिले १५०, म्हणजे ९,७५० रुपये. त्यावर नव्या ०.१५ टक्के दराने एसटीटी झाला पंधरा रुपयांच्या आत. त्याच निफ्टीवर, त्याच सव्वासोळा लाखांच्या हालचालीवर पैज लावताय, पण फ्युचर्सला ८१२ आणि ऑप्शनला १५. मग लहान माणूस कुठे जाईल? सट्टा आवरायला आणलेला कर फ्युचर्सवाल्याला ऑप्शनच्या दारात नेऊन सोडतो, आणि खरा सट्टा तर तिथेच चालतो. सेबीच्या अभ्यासानुसार २०२४-२५ मध्ये शेअरबाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शनमधले ९१ टक्के वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात होते आणि त्यांचा एकत्रित निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या वर होता.

भाचा हुशार आहे, पण त्याने कराची रक्कम मोजली, किंमत मोजली नाही. ऑप्शन घेणाऱ्याचा प्रीमियम दिवसागणिक विरघळतो. निफ्टी जागच्या जागी राहिला तरी मंगळवारी, एक्स्पायरीच्या दिवशी, १५० चे ५ झालेले दिसतात. ही गळती काँट्रॅक्ट नोटवर कुठल्याच ओळीत नसते. आणि पंधरा रुपयांच्या एसटीटीमुळे हात सैल होतो: दिवसाला दोनाचे दहा सौदे होतात, ब्रोकरेज प्रत्येक ऑर्डरला वीस रुपये, दहा सौद्यांचे वीस ऑर्डर, म्हणजे चारशे रुपये आणि त्यावर जीएसटी. तुमची अडचण अशी आहे की भावाचा अंदाज सव्वाचार अंकांपलीकडे नफा देत नाही. ती अडचण ऑप्शनमध्येही तुमच्याबरोबरच येईल.

आता मित्राचं परदेशी ॲप. इथे मला जरा कडक बोलावं लागेल.

त्याचं अर्धं वाक्य खरं आहे. चलनांच्या सौद्यांवर आपल्याकडेही एसटीटी नाही. एनएसईवर डॉलर-रुपयाचं फ्युचर घेतलंत तर हजार डॉलरच्या लॉटवर एसटीटीची ओळच येत नाही. म्हणजे टोबिनला ज्या बाजारात वाळू टाकायची होती नेमका तोच बाजार आपण करमुक्त ठेवलाय. मग तिथे सट्टा का फोफावला नाही? फोफावला होता. रिझर्व्ह बँकेने तो कर लावून आवरला नाही, एका अटीने आवरला. एक्सचेंजवर रुपयाचे सौदे करणाऱ्याची खरोखरीची परकी चलनाची देणी-घेणी असलीच पाहिजे, हे तिने जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात ठणकावून सांगितलं आणि ३ मे २०२४ पासून ते लागू झालं. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण देणं-घेणं खरंच हवं. ब्रोकर त्याची हमी लिहून मागू लागले आणि एक्सचेंजवरची चलनाची उलाढाल कोसळली.

मला हा प्रसंग कराच्या वादात महत्त्वाचा वाटतो. कर प्रत्येकाकडून थोडं घेतो आणि कोण जाईल ते गणितावर सोडतो. अट दारातच विचारते, तुमचं इथे काम काय? आखातात हापूस पाठवणारा निर्यातदार घ्या. त्याला दोन महिन्यांनी डॉलर मिळणार आहेत, मधे रुपया वधारला तर त्याचा घाटा, म्हणून तो आजच भाव बांधून ठेवतो. टोबिन कर असता तर तो यालाही लागला असता, आणि एकदाच नाही. त्याने बँकेशी करार केला की बँक ती जोखीम दुसऱ्या बँकेकडे सरकवते, ती तिसरीकडे. प्रत्येक हस्तांतराला कर लागला तर शेवटी सगळा निर्यातदाराच्या भावात येऊन बसतो. टीकाकारांचा हा मुद्दा मी मान्य करतो. अट असेल तर निर्यातदार यातून सुटतो. पण अटही फुकट नाही. सट्टेवाले गेले तसे एक्सचेंजवर समोर सौदा घेणारेही गेले, आणि हजार-दोन हजार डॉलरचा भाव स्वस्तात बांधणारा लहान निर्यातदार पुन्हा बँकेच्या दारात उभा राहिला. तिथे बँक देईल तो भाव घ्यायचा.

तुमचं म्हणाल तर तुमच्या पेट्या वाशीला जातात, पट्टी रुपयात येते आणि होमस्टेचे पाहुणेही रुपये देतात. डॉलरचं तुमचं देणं-घेणं नाही. म्हणजे एनएसईवरचं दार तुम्हाला बंद आहे. खोटी हमी लिहून आत जाऊ नका.

मित्राचं ॲप तर त्याही बाहेरचं. फेमा कायद्याप्रमाणे भारतात राहणाऱ्या माणसाने परकी चलनाचे व्यवहार अधिकृत व्यक्तीशीच आणि परवानगी असलेल्या कामासाठीच करायचे, आणि ऑनलाइन करायचे तर रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या मंचावर किंवा मान्यताप्राप्त एक्सचेंजवर. वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेण्याची जी सवलत आहे तीत परदेशी एक्सचेंजला किंवा दलालाला मार्जिन पाठवणं बसत नाही. नियम मोडला आणि रक्कम ठरवता आली तर तिच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर ‘अलर्ट लिस्ट’ नावाची अनधिकृत मंचांची यादी आहे, मित्राचं ॲप तिथे शोधा. पण यादीत नाव नाही म्हणजे ॲप अधिकृत, असा उलटा अर्थ मात्र काढू नका.

ओळखायची खूण सोपी आहे. पैसे भरताना यूपीआयवर कुणाचं नाव येतं ते बघा. माझ्याकडे कुडाळचा एक दुकानदार असाच स्क्रीनशॉट घेऊन आला होता. ॲप म्हणे परदेशातलं, आणि पैसे जात होते कुठल्याशा मोबाइल रिचार्जच्या दुकानाच्या खात्यात. पहिल्यांदा पाच हजार काढता आले. दोन लाख काढायला गेला तेव्हा ‘आधी कर भरा’ असा निरोप आला. कर नाही म्हणून गेला होता तिथे!

आणि समजा ॲप प्रामाणिक आहे. तरी ते फुकट नाही. एक लाख युरोचा सौदा, स्प्रेड दोन पिप, म्हणजे भावाच्या चौथ्या दशांश स्थानावर दोनाचा फरक, म्हणजे आत-बाहेर वीस डॉलर. रुपयांत दीड हजारांच्या वर. निफ्टीच्या ९६० रुपयांना तुम्ही जास्त म्हणत होतात. फरक एवढाच की एसटीटीची ओळ दिसते, स्प्रेड भावातच मुरलेला असतो. वर पाचशेपट उधारीवर सौदा. भाव तुमच्याविरुद्ध एक पंचमांश टक्का हलला की मार्जिन संपलं.

‘मग सौदे कमी करतो, एकेक पंधरा दिवस धरतो’ असं तुमच्या मनात येईल. टोबिनला हेच हवं होतं आणि कराचं गणित त्याने सुधारतंही: वर्षाला पंचवीस सौदे म्हणजे एसटीटी वीस हजार. पण आतापर्यंत तुम्ही रात्र कधी अंगावर घेतलेली नाही. रात्रीत अमेरिकेत काही झालं आणि सकाळी निफ्टी तीनशे अंक खाली उघडला, तर एका लॉटला साडेएकोणीस हजार गेले, आणि स्टॉपलॉस त्या खड्ड्यात काही कामाचा नसतो. कर वाचवायला मुदत वाढवली की जोखीम दुसऱ्या बाजूने आत येते. टीकाकार याकडेही बोट दाखवतात, आणि तुमच्या भांडवलाकडे बघता मला ते पटतं.

म्हणून आता करायचं ते असं. उघडा सौदा नसेल तर या आठवड्यात ब्रोकरकडचे सहा लाख बँकेत परत घ्या. पैसा समोर पडून असला की सव्वानऊला हात फोनकडे जातोच. त्यातले दोन लाख बागेचे: पालवी-मोहोराच्या फवारण्या, खत, गड्यांची मजुरी. ते स्वीप खात्यात किंवा लिक्विड फंडात राहू देत. थ्रिप्स आले की औषधाला बाजार वर येण्याची वाट बघता येत नाही. आणखी दीड लाख वादळासाठी मुदत ठेवीत ठेवा. निसर्ग आणि तौक्ते लागोपाठच्या दोन वर्षी आली होती, हे आपल्या किनाऱ्याला वेगळं सांगायला नको. उरले अडीच लाख. ते सात-आठ वर्षं लागणार नसतील तरच निफ्टीच्या साध्या इंडेक्स फंडात महिन्याला वीस-पंचवीस हजार असे टाका. फंडाचे युनिट विकताना एसटीटी ०.००१ टक्के आहे, म्हणजे अडीच लाखांवर अडीच रुपये. फंड स्वतः शेअर घेतो-विकतो तेव्हाचा एसटीटी त्याच्या एनएव्हीतून जातोच, पण इंडेक्स फंड फारशी उलथापालथ करत नाही.

एक काम मात्र आधी करा. ते १ लाख १० हजार ‘नफा’ म्हणून विवरणात दाखवू नका. फ्युचर्सचं उत्पन्न धंद्याचं धरलं जातं, आणि त्यातून ब्रोकरेज आणि शुल्कांसारखाच एसटीटीही खर्च म्हणून वजा होतो. म्हणजे तुमच्या हाती ऐंशी हजारांचा, किंवा जुन्या लॉटच्या हिशेबाने थोडा जास्त, तोटा आहे. आंब्याचं उत्पन्न शेतीचं, करमुक्त, तिथे त्याचा उपयोग नाही. होमस्टेचा नफा मात्र धंद्याचा आहे, तो या तोट्याने कमी करता येतो, आणि उरलेला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो. अट एकच, विवरण मुदतीत भरलेलं हवं. सीएंना आयटीआर-३ भरायला सांगा आणि ॲपवरचा स्क्रीनशॉट न देता, मला पाठवलात तोच ‘टॅक्स पी अँड एल’ द्या.